संपर्क तुटला तर

इतर नवराबायको पंख्याच्या वेगावरून भांडतात, टॉवेल कुठे टाकला यावरून भांडतात. आम्ही फ्रिक्वेन्सीवरून भांडायचो. मी ड्रोन उडवणारा, बायको रेडिओची इंजिनीअर, आणि सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमचा कारखाना. कारखाना म्हणायचा आपला. पुढच्या खोलीत सोल्डरिंगचं टेबल, मागच्या खोलीत बॅटऱ्या, आणि खिडकीपाशी एका आरामखुर्चीत माझे सासरे.

डोंगरात हरवलेली माणसं शोधणाऱ्या एका पथकासाठी आम्हाला छोटा ड्रोन करायचा होता. माझं म्हणणं, चोवीसशे मेगाहर्ट्झवर चालवू. बोटभर अँटेना, हुकूम झटकन पोचतो, हात सरावलेला. तिचं म्हणणं, नऊशेच्या आसपास.

"तुझ्या चोवीसशेला एक ओलं झाड आडवं आलं की घाम फुटतो," ती म्हणायची. "शेजाऱ्याकडे गाणी लागली की शब्द भिंतीत अडकतात आणि ढोल तेवढा आपल्या उशीपर्यंत येतो ना? खालची फ्रिक्वेन्सी तशी असते. झाडातून जाते, कड्याच्या कडेवरून थोडी वळतेसुद्धा."

"आणि अँटेना वीतभर. शेपूट लावून उडवू का?"

"शेपूट असलेली जनावरं हरवत नाहीत."

शेवटी तिचंच खरं झालं, आणि ते बरोबरच होतं. ड्रोन चालवायचे हुकूम खालच्या फ्रिक्वेन्सीवर. ही वाट लांब जाते पण अरुंद असते, तिच्यातून चित्र जात नाही. म्हणून कॅमेऱ्याचं चित्र आणि ड्रोनवरच्या भोंग्यातून बोलायचा आवाज वेगळ्या, वरच्या फ्रिक्वेन्सीच्या रुंद वाटेवर. ही वाट भित्री. मधे काही आलं की पहिली तुटते. हुकूमही तिने मुद्दाम संथ ठेवले होते. सेकंदाला पाचशेऐवजी पन्नासच पाठवायचे, म्हणजे प्रत्येक हुकूम सावकाश, ठळक पाठवता येतो आणि लांबूनही कळतो. शर्यतीत उडवणारा माणूस मी. रिमोटची काडी हलवल्यावर ड्रोन किंचित उशिरा हलतो हे माझ्या बोटांना सहन होत नव्हतं.

"एवढाच उशीर?" ती हळूच म्हणाली आणि तिने खिडकीकडे पाहिलं. "आपल्याकडे त्याहून मोठा आहे."

सासऱ्यांना विसरायचा आजार होता. सकाळी विचारावं, "बाबा, चहा घेणार?" दुपारी जेवताना उत्तर यायचं, "घेईन की. अर्धा कप. ओव्हर." सगळी नोकरी त्यांनी बंदरावरच्या वायरलेस खोलीत काढली होती. माणसांची नावं गेली, घराचा पत्ता गेला, माझं नाव तर सगळ्यांत आधी गेलं, मी नुसता 'जावईबापू' उरलो. पण वाक्याच्या शेवटचं 'ओव्हर' गेलं नाही. बायकोला ते ठमी म्हणायचे. चाळिशीला आलेली बाई, हाताखाली ऑसिलोस्कोप, पण बापासाठी ठमी ती ठमी.

त्यांचं एकच मागणं असायचं. संध्याकाळ झाली की खुर्चीतून उठायचे आणि म्हणायचे, "चला, घरी जाऊ." घरातच असायचे तेव्हासुद्धा. कुठलं घर, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. मी वैतागून एकदा म्हणालो, "अहो, हेच घर!" तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा समजुतीने पाहिलं की वेडा मीच ठरलो.

पथकाचा प्रमुख शाळेत भूगोल शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणायचे. ड्रोन पाहायला तो आला तेव्हा त्याने पहिलाच प्रश्न नेमका विचारला.

"सगळं झकास आहे ताई. पण संपर्क तुटला तर?"

"तुटणारच," बायको म्हणाली. "रेंज म्हणजे नुसतं अंतर नसतं, मधे काय येतं ते असतं. मोकळ्यावर कित्येक किलोमीटर जाईल. डोंगराआड गेला तर हाकेच्या अंतरावरही तुटेल. तुटल्यावर त्याने काय करायचं, ते आपण आधीच ठरवून द्यायचं. आहे तिथे उतरू शकतो. आहे तिथेच हवेत थांबू शकतो, बॅटरी संपेपर्यंत. किंवा परत येऊ शकतो."

"परत, परत!" मास्तर दोन्ही हात वर करून म्हणाला. "आधीचा एक झाडावर बसला होता. तो काढायला चढलेल्या माणसाचा पाय मोडला. आम्ही हरवलेली माणसं शोधायची की हरवलेले ड्रोन?"

सगळे हसले. तसं ठरलं. दीड सेकंद एकही हुकूम आला नाही, की ड्रोनने आधी सरळ वर चढायचं, आसपासच्या सगळ्या टेकड्यांपेक्षा उंच, मग जिथून उडाला त्या जागेकडे सरळ रेषेत यायचं आणि उतरायचं. त्या जागेला आमच्या धंद्यात 'होम' म्हणतात. येताना सगळ्यांना दिसावा म्हणून पोटाखालचा पांढरा दिवाही लागेल, ही बायकोची भर. मास्तरला ती फार आवडली.

खिडकीपाशी एवढ्यात सासरे बोलले. "हात सुटला तर हलायचं नाही. जिथं आहेस तिथंच उभं राहायचं. मी येतो. ओव्हर."

"हे मला सांगायचे, लहानपणी," बायको मास्तरला म्हणाली. "गर्दीत जायचं असलं की दारातच घोकून घ्यायचे. एकदा खरंच सुटला हात. मी एका खांबाला धरून उभी. लोक विचारतायत, बाळ कुणाची तू? मी तोंड उघडलं नाही आणि जागाही सोडली नाही. हे आले, घामाने थबथबलेले, आणि मला शाबासकी द्यायची सोडून स्वतःच रडायला लागले."

आम्ही पुन्हा हसलो आणि सेटिंग सेव्ह केलं.

ड्रोन ताब्यात देण्याआधी पथकाबरोबर डोंगरात एक दिवस सराव ठरला. सासऱ्यांना सांभाळणाऱ्या बाई नेमक्या त्या दिवशी आजारी पडल्या. त्यांना एकटं ठेवणं शक्य नव्हतं, तेव्हा गाडीत पुढच्या सीटवर बसवून घेऊन गेलो. त्यांना प्रवास आवडायचा. वाटेत प्रत्येक मोबाइल टॉवर ते बोटाने दाखवत होते.

गाडी आम्ही एका माळावर लावली. समोर टेकडीची सोंड उतरलेली, आणि तिची आमच्याकडची बाजू पूर्वी दगडाच्या खाणीसाठी उभी कापून काढलेली. कापलेल्या भिंतीखाली दगडांचे ढीग, मोडकी खडी-यंत्राची शेड. सोंडेच्या पलीकडे रान. माळावरून एक गाडीरस्ता सोंडेला लांब वळसा घालून तिकडे जायचा.

दिवसभर सराव झाला. सासरे गाडीत बसून होते. मधूनमधून बायको जाऊन पाणी देऊन यायची. दुपार कलल्यावर ती मास्तरला अँटेना कशी धरायची ते दाखवत होती. टोक ड्रोनकडे रोखायचं नाही, अँटेनेची बाजू त्याच्याकडे ठेवायची; टोकाच्या दिशेने रेडिओ सगळ्यात कमी जातो. हे सगळेच चुकतात, त्यामुळे तिला दोनदा सांगावं लागलं. ती गाडीकडे गेली तेव्हा दार उघडं होतं आणि सीट रिकामी.

आधी गाडीभोवती हाका. मग शेडमागे. मग बायकोचा आवाज चिरकला, "अरे, ड्रोन उडव!"

पथक हरवलेल्या माणसांसाठी होतं, ड्रोन हरवलेल्या माणसांसाठी होता, आणि आता माणूसही हरवला होता. मास्तर आणि त्याचे लोक गाडीरस्त्याने धावले, म्हातारा माणूस रस्ता धरूनच गेला असणार म्हणून. मी ड्रोन सोंडेवरून पलीकडे नेला. बायको पडद्यासमोर बसली. उष्णता टिपणारा कॅमेरा होता. गार होत चाललेल्या रानात माणूस पांढरा दिसतो. आधी एक कुत्रं दिसलं. मग उन्हाने तापलेला खडक. मग एका मोठ्या झाडाच्या बुंध्याशी, बसलेला, पांढरा, माणसाच्या आकाराचा ठिपका.

"बाबा," ती म्हणाली.

जागेचा पत्ता मी मास्तरला वायरलेसवर दिला. ते निम्म्या वाटेवर होते. आता खरं तर काम झालं होतं. उंच थांबायचं, नजर ठेवायची.

पण तिने माइक हातात घेतला. "बाबा, मी ठमी बोलतेय. बसून राहा." पांढरा आकार जरा हलला, डोकं इकडेतिकडे फिरलं. एवढ्या उंचीवरून शब्द विरत असणार. "खाली घे," ती मला म्हणाली.

"खाली घेतला तर सोंड मधे येईल."

"थोडाच घे. त्यांना आवाज कळत नाहीये. मला तोंड दिसू दे त्यांचं."

मी थोडा घेतला. साध्या कॅमेऱ्यावर आता चेहरा दिसत होता. संध्याकाळचा उजेड अजून होता. ते वर पाहत होते, ओठ हलत होते. ड्रोनला कान नसतात, त्यामुळे ते काय म्हणाले ते कोणालाच कळणार नाही, पण शेवटचा शब्द कोणता असेल ते आम्ही दोघंही सांगू शकतो.

"अजून," ती म्हणाली. "अजून थोडा. बाबा, मी इथंच आहे, बाबा..."

चित्र थिजलं. भित्री वाट आधी तुटली, त्यांचा चेहरा वर केलेला तसाच पडद्यावर राहिला आणि तिचा आवाज तिकडे पोचायचा बंद झाला. हुकुमांची वाट अजून धरून होती. मी काडी वर ढकलली. पण तेवढ्यात त्या वाटेचाही संपर्काचा आकडा घसरला, रिमोट ओरडायला लागला, आणि दीड सेकंदाने ड्रोनने त्याला शिकवलं होतं ते सगळं न चुकता केलं.

तो चढला. दिवा लागला. सोंडेच्या वर आला तसा संपर्क परत जुळला; चित्र आलं, पण कॅमेऱ्याचं तोंड आता आमच्याकडे होतं. स्विच माझ्या बोटाखाली होता. तो फिरवला की ड्रोन पुन्हा माझ्या हातात. मी बायकोकडे पाहिलं.

"येऊ दे," ती म्हणाली. "बॅटरी संपत आलीय. जागा मिळालीय, लोक पोचतायत. बॅटरी बदलून परत पाठवू."

मीही तेच म्हणालो असतो. कोणीही तेच म्हणालं असतं. पांढरा दिवा सरळ रेषेत आमच्याकडे येत होता, एवढा सुंदर, एवढा शहाण्यासारखा, की तिने सुटकेचा श्वास टाकला. ती उठून नवी बॅटरी आणायला गेली. मी उतरणाऱ्या ड्रोनकडे पाहत राहिलो.

बॅटरी बदलून, सगळं पुन्हा तपासून होईपर्यंत बराच वेळ गेला, आणि वायरलेसवर मास्तरचा आवाज आला. "झाडापाशी पोचलो. इथे कोणी नाही."

"नीट बघा, बुंध्याशी."

"बुंध्याशी त्यांची टोपी आहे. ते नाहीत."

मी ड्रोन पुन्हा उडवला. झाडाकडे न्यायला निघालो, तर खाणीवरून जाताना बायकोने माझा दंड धरला. पडद्यावर कापलेल्या भिंतीच्या तळाशी, दगडांच्या ढिगाजवळ, पांढरा आकार होता. चित्र काचेसारखं स्वच्छ. मधे काही आडवं नव्हतं, अंतरही काही नव्हतं. गाडीपासून ती जागा चालत जाण्यासारखी. संपर्काचा आकडा पूर्ण शंभर दाखवत होता. तो आकडा पाहून मला जो संताप आला तसा आजवर कुठल्या माणसाचाही आला नाही.

आम्ही धावत गेलो. ती त्यांच्याजवळ बसली. श्वास नव्हता. तिने त्यांचा शर्ट सारखा केला, बाहीला लागलेली माती झटकली, पुन्हा पुन्हा झटकत राहिली.

दिव्यामागे चालत आले होते ते. झाडापासून आमच्या गाडीपर्यंत नकाशावर रेघ ओढली तर ती सोंड चढून थेट खाणीच्या भिंतीच्या माथ्यावर येते. पलीकडून चढ सोपा आहे, गवताचा. वर आलं की जमीन संपते, हे आधी कळत नाही. ड्रोनला कळायची गरज नव्हती, तो हवेत होता.

पुढचे दिवस लोक येत राहिले. वयच झालं होतं, सुटले, असं म्हणणारे आले. मास्तर आला आणि त्या आरामखुर्चीसमोर बसला. जाताना म्हणाला, "परत, परत असं मीच ओरडलो होतो." बायको म्हणाली, "यंत्र बरोबर वागलं, मास्तर." हे वाक्य ती सगळ्यांना सांगत होती. मला त्याची भीती वाटायला लागली.

रात्री कूस बदलली की ती जागीच असायची. एकदा मी म्हटलं, "खाली मीच घेतला ना. स्विचवर माझंच बोट होतं."

"तसं नाही रे," ती छताकडे पाहत म्हणाली. "संपर्क तुटला तर काय, यावर आपण किती दिवस बोललो. ड्रोनचं काय होईल, बॅटरीचं काय होईल, झाडावर बसेल का. खाली जो माणूस आहे त्याचाही संपर्क तुटतो, हे एकदाही मनात आलं नाही माझ्या. त्याने त्या क्षणी काय करायचं? त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं. त्याच्याशी बोलणारं एकच होतं, ते दिवा लावून निघून गेलं. आणि कुठे गेलं? घरी. बाबांना आणखी काय हवं होतं?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि ते खिडकीपाशी बसून सांगत होते, मला. मी हसले."

मी तिचा हात धरला, एवढंच.

तेराव्याचं-चौदाव्याचं काही आम्ही केलं नाही, तिने कामाला हात घातला. ड्रोन तिने पुन्हा उघडला. आवाज आता रेडिओच्या वाटेवर अवलंबून राहणार नव्हता. तो आधीच ड्रोनच्या पोटात भरून ठेवायचा. माणूस सापडला की उडवणारा एक कळ दाबेल, आणि त्यानंतर संपर्क तुटला तर ड्रोन जागा सोडणार नाही. तुटलेली वाट जुळावी म्हणून तिथल्या तिथे थोडा वर चढेल, माणसाच्या डोक्यावर थांबेल, दिवा सरळ खाली लावेल आणि बोलत राहील. बॅटरी संपत आली तर बाजूला, तिथेच उतरेल. परत येणार नाही.

"ड्रोन जाईल वाया, एखादा," मी म्हटलं.

"जाऊ दे."

मास्तरला फोनवर सांगितलं, तर तो एवढंच म्हणाला, "झाडावर चढेन मी."

चाचणी आम्ही गावाबाहेरच्या रिकाम्या मैदानात घेतली, सकाळी. मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला कोणीतरी हरवलेला माणूस म्हणून उभं राहायला हवं होतं. ती चालत गेली. मी ड्रोन तिच्या डोक्यावर नेला, कळ दाबली आणि रिमोटच बंद करून टाकला. संपर्क तोडायची यापेक्षा पक्की रीत नाही.

दीड सेकंद. ड्रोन जरासा चढला आणि थांबला. दिवा लागला, उन्हात तो फिकट दिसत होता. मग आवाज आला, तिचाच, पण शब्द तिचे नव्हते. कधी भरून ठेवले ते मला माहीत नव्हतं.

"हात सुटला तर हलायचं नाही. जिथं आहात तिथंच उभं राहायचं. आम्ही येतोय."

पुन्हा तेच. पुन्हा तेच. शेवटी 'ओव्हर' ठेवलं नव्हतं.

चाचणी झाली होती. मी हात हलवून खूण केली, ये म्हणून. ती आली नाही. मैदानाच्या टोकाला, ड्रोनखाली, दोन्ही हात अंगाशी धरून ती तशीच उभी होती, खांबाला धरून उभ्या राहिलेल्या लहान मुलीसारखी, आणि आजूबाजूला खांब नव्हता. मी रिमोट गवतात ठेवला आणि तिच्याकडे धावत निघालो.